गुरुवारचे पाच तास: वाघोलीतील एका फ्लॅटसाठी इन्व्हर्टर की जनरेटर

पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्यालगत असलेल्या वाघोली परिसरातील एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे हे प्रकरण आहे. घरात पती आणि पत्नी दोघेही माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात असून आठवड्यातील बहुतेक दिवस घरूनच काम करतात. सोसायटीचा डिझेल जनरेटर आहे, परंतु तो फक्त लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्यापुरता आहे. फ्लॅटमध्ये त्याची जोडणी दिलेली नाही. 'जनरेटर घ्यावा की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर घेतला तर किती मोठा', असा त्यांचा प्रश्न होता. दुकानदाराने आधीच दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा मोठा संच सुचवला होता. नात्यातील एका गृहस्थांनी पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर गॅलरीत ठेवून प्रश्न एकदाच मिटवावा, असा आग्रह धरला होता.

अशा प्रकरणात बहुतेक लोक आधी उपकरणांची यादी करतात. मी आधी वीज जाण्याची नोंद मागतो. या दांपत्याने महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवरच, दुधाचा हिशेब लिहावा तशी, वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहून ठेवली. त्या नोंदीतून तीन निराळ्या प्रकारचे खंड समोर आले. पहिला प्रकार काही सेकंदांपासून दोन-चार मिनिटांपर्यंतच्या झटक्यांचा होता आणि तो जवळपास रोजचा होता. दुसरा गुरुवारचा होता: पुणे परिसरात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीजपुरवठा बंद ठेवला जातो हे इथे सर्वांनाच ठाऊक आहे, आणि या भागात तो खंड साधारण सकाळी साडेनऊपासून दुपारी अडीचपर्यंत, म्हणजे सुमारे पाच तास चालत असे. तिसरा प्रकार वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांतला, संध्याकाळी वारा सुटला की तास-दीड तास वीज जाण्याचा. यांपैकी सर्वांत अवघड स्थिती गुरुवारीच निर्माण होत असे, कारण दुपारी पाच तास बॅटरी वापरून झाल्यावर त्याच दिवशी रात्री आठच्या सुमारास पुन्हा वीज गेली, तर मधल्या वेळेत बॅटरी किती भरली असेल यावरच सगळे अवलंबून होते. पत्नीच्या परदेशस्थ सहकाऱ्यांबरोबरच्या बैठका नेमक्या त्याच वेळेला असत.

जनरेटरचा विचार लवकर निकालात निघाला, मात्र तो का निघाला हे सांगायला हवे, कारण गॅलरीत जनरेटर ठेवण्याची कल्पना अनेकांच्या मनात असते. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि जो वास आपल्याला येतो तो धुरातील इतर घटकांचा असतो. त्यामुळे वास कमी आला म्हणजे धोका कमी झाला, असा अर्थ काढता येत नाही. अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोग असा जनरेटर घरापासून किमान २० फूट अंतरावर, उघड्यावर आणि खिडक्या-दारांपासून धूर दूर जाईल अशा रीतीने ठेवावा असे सांगतो. फ्लॅटची गॅलरी म्हणजे घराला लागूनच असलेली, तीन बाजूंनी भिंतींची आणि वर दुसऱ्या कुणाची गॅलरी असलेली जागा. दार लावून घेतले तरी धूर फटींतून आत येतो आणि चौथ्या मजल्यावरील कुटुंबाच्या उघड्या खिडकीतून त्यांच्या बेडरूममध्येही जातो. त्यामुळे आवाज, पेट्रोलचा साठा आणि सोसायटीची परवानगी हे मुद्दे येण्याच्या आधीच या फ्लॅटपुरता जनरेटरचा पर्याय संपतो.

खर्चाच्या बाजूनेही तो टिकत नव्हता. सुमारे एक केव्हीएचा शांत चालणारा लहान जनरेटर दोन-सव्वादोनशे वॅटच्या कमी भारावर ताशी पाव लिटरच्या आसपास पेट्रोल घेतो, म्हणजे एका युनिटला लिटरभर किंवा थोडे अधिक पेट्रोल लागते. लिटरचा दर शंभर रुपयांच्या पुढे गेलेला असताना ती वीज युनिटला शंभर-सव्वाशे रुपयांना पडते. बॅटरीत साठवलेल्या विजेपैकी साधारण तिसरा हिस्सा येण्या-जाण्यात वाया जातो असे धरले, तरी तीच वीज युनिटला पंधरा-वीस रुपयांच्या पुढे जात नाही. जनरेटरचा खरा गुण वेगळा आहे: पेट्रोल ओतत राहिले की तो दहा तासही चालतो आणि 'चार्ज' होण्यासाठी थांबत नाही. अंगण असलेल्या बंगल्यात, शेतघरात किंवा जिथे एकेका वेळी दहा-बारा तास वीज जाते तिथे हा गुण निर्णायक ठरतो. इथे सर्वांत मोठा खंड पाच तासांचा होता.

एक इशारा मात्र इथेच नोंदवतो. जनरेटर कुठेही वापरायचा असो, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती घरातल्या एखाद्या सॉकेटमध्ये खोचण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. मुख्य स्विच चालू राहिला तर ती वीज उलट दिशेने मीटरमधून बाहेर रस्त्यावरच्या तारांवर जाते, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. दोन्ही पुरवठे एकाच वेळी कधीच जोडले जाणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच हवाच.

इन्व्हर्टर ठरल्यावर प्रश्न आकाराचा होता. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलेले असते, पण तो कमाल आकडा असतो. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा साधा वॅटमीटर लावून पाहिले तेव्हा लॅपटॉपची स्वतःची बॅटरी भरलेली असताना तो सरासरी ४० वॅटच्या आसपास घेत होता. दोन लॅपटॉपचे ८०, बाहेरच्या चोवीस इंची मॉनिटरचे २५, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, एलईडीच्या दोन ट्यूब ४०, आणि छतावरचे दोन जुने पंखे प्रत्येकी ७५ प्रमाणे १५०, अशी एकूण बेरीज ३१५ वॅट झाली. म्हणजे दोन माणसांच्या नोकरीला लागणाऱ्या सगळ्या यंत्रांपेक्षा दोन पंखेच अधिक वीज खात होते. फ्रिज यादीत असावा अशी पत्नीची इच्छा होती. परंतु त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तेवढ्याने बंद पडू शकतो. शिवाय दार न उघडलेला फ्रिज चारेक तास थंड राहतो. मधल्या वेळेत दार उघडावे लागू नये म्हणून गुरुवारी सकाळीच लागेल तेवढे दूध आणि भाजी बाहेर काढून ठेवायची, एवढ्यावर तो मुद्दा मिटला.

आता १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका ट्यूब्युलर, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरला सर्रास लावल्या जाणाऱ्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचा हिशेब पाहू. १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास, भागिले ३१५ म्हणजे जवळपास पावणेसहा तास, असे दुकानात सांगितले जाते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. एक तर बॅटरीवर छापलेली १५० ही क्षमता वीस तास सावकाश वापरल्यासच मिळते. पाच तासांत उपसली तर ती १२० ते १२५ पर्यंत उतरते. दुसरे असे की, बॅटरीच्या थेट प्रवाहातून घरातील २३० व्होल्ट करताना इन्व्हर्टर स्वतःच सुमारे पाचवा हिस्सा गमावतो. ३१५ वॅट मिळवायचे तर बॅटरीतून ३९० वॅटच्या आसपास, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर निघतात. १२० भागिले ३३ केले की साडेतीन तासांपेक्षा थोडेसेच अधिक हाती येते, आणि तेही बॅटरी नवी असताना. गुरुवारचे पाच तास यात बसत नव्हते. दुकानदाराचा दोन बॅटऱ्यांचा सल्ला या दृष्टीने चुकीचा नव्हता.

तरीही तो स्वीकारू नये असे मी सुचवले. त्याचे कारण समजायला वर म्हटलेला गुरुवारी रात्रीचा प्रश्न आधी पाहावा लागतो. घरगुती इन्व्हर्टर बॅटरी साधारण १० ते १५ अँपिअरने चार्ज करतो. रिकामी झालेली १५० ची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात, आणि त्यातही शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, कारण बॅटरी भरत आली की ती प्रवाह कमी कमी घेऊ लागते. दुपारी अडीचला वीज आली आणि रात्री साडेआठला पुन्हा गेली, तर १२ अँपिअरच्या हिशेबाने सहा तासांत ७२ अँपिअर-तास आत जातात आणि घट धरून त्यातले साठ-बासष्ट परत मिळतात. ३३ अँपिअरच्या भारावर ते दोन तासही पुरत नाहीत. १२ व्होल्टचीच अधिक मोठी बॅटरी लावूनही हे बदलत नाही: मोठी टाकी बसवली पण नळ तोच राहिला, तर मधल्या वेळेत जमा होणारे पाणी तेवढेच राहते. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या संचात तेवढ्याच अँपिअरने दुप्पट वीज आत जाते आणि रात्रीचा वेळ वाढतो हे खरे, परंतु बॅटऱ्यांचा खर्च दुप्पट होतो आणि अर्धवट भरलेल्या स्थितीत दिवस काढणाऱ्या बॅटऱ्याही दोन होतात. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार अर्धवट भरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि क्षमता कायमची घटते. अनेक घरांतल्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांतच 'बसतात' त्याचे एक मोठे कारण हेच असते.

म्हणून बॅटरी वाढवण्याऐवजी भार कमी केला. कामाच्या खोलीतील आणि हॉलमधील पंखे काढून त्या जागी बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशरहित डीसी मोटरचे पंखे बसवले. ते पूर्ण वेगावर तीस वॅटच्या आसपास घेतात. दीडशेचे साठ झाले आणि एकूण भार २२५ वॅटवर आला. बॅटरीतून निघणारा प्रवाह आता साडेतेवीस अँपिअर, त्यामुळे तीच १५० ची बॅटरी सव्वापाच तास पुरू लागली, आणि गुरुवारी रात्री अर्धवट भरलेल्या बॅटरीवरही अडीच तास मिळू लागले. दोन पंख्यांचा खर्च सहा-सात हजार रुपये होता, जो दुसऱ्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि वीज असतानाही त्यातून बचत होते. दुपारी उजेड पुरेसा असताना ट्यूब बंद ठेवण्याचे साधे पथ्य पाळले तर आणखी तासभराची सवड मिळते.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, ९०० व्हीएचा घेतला. ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नव्हेत. प्रत्यक्षात सातशेच्या आसपास वॅट धरावेत, आणि २२५ च्या भाराला ते पुष्कळ आहेत. चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर टाळला, कारण त्यावर पंखे घुरघुरतात आणि काही अडॅप्टर तापतात.

बसवल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात दोन अडचणी आल्या, आणि हे प्रकरण लिहून काढण्याजोगे वाटले ते त्यांच्यामुळेच. पहिली अशी की, संध्याकाळी घरात वीज असतानाही बॅटरी उतरत होती. इन्व्हर्टरमधून टक्-टक् असा रिलेचा आवाज येत असे आणि वीज आल्याची खूण दाखवणारा दिवा मधूनमधून विझत असे. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असते. ते 'यूपीएस' बाजूला ठेवले तर वीज गेल्यावर काही मिलिसेकंदांत बॅटरीवर बदल होतो, पण त्या बदल्यात इन्व्हर्टर दाबाच्या बाबतीत चोखंदळ बनतो आणि सुमारे १८० व्होल्टच्या खाली गेलेली वीज नाकारतो. या भागात संध्याकाळी सातनंतर दाब १७० ते १८५ च्या दरम्यान हेलकावे खात होता. परिणामी इन्व्हर्टर वीज असूनही पुन्हा पुन्हा बॅटरीवर जात होता आणि चार्जिंगही थांबत होते.

वायरमनचे म्हणणे होते, "साहेब, स्टॅबिलायझर लावा, नाहीतर बटण साध्यावर करा, पण मग लाइट गेली की राउटर बंद-चालू होणार." दुसरा पर्याय त्याने बरोबर सांगितला होता, आणि त्याचा तोटाही बरोबर. परंतु झटपट बदलाची गरज नेमकी कशाला आहे हे तपासले तेव्हा दिसले की लॅपटॉपला ती नाहीच, कारण त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे आणि त्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो. मॉनिटर क्षणभर काळा होऊन परत येतो, पंख्याला तर कळतही नाही. गरज होती ती फक्त राउटर आणि फायबरच्या डब्याला, कारण ते बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतात आणि तोवर कंपनीच्या नेटवर्कशी असलेली जोडणी तुटते. त्या दोघांसाठी बाराशे-पंधराशे रुपयांचा १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस बसवला आणि इन्व्हर्टरचे बटण साध्या बाजूला केले. संध्याकाळची टक्-टक् थांबली, बॅटरी पूर्ण भरू लागली आणि रोजचे झटके बैठकीत जाणवेनासे झाले. असा छोटा यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्यावा. काही फायबरचे डबे १२ ऐवजी ९ किंवा ५ व्होल्टवर चालतात.

दुसरी अडचण गुरुवारी आली. इन्व्हर्टर चालू, पंखा चालू, राउटरचे दिवे चालू, आणि तरीही वीज गेल्यावर वीस मिनिटांनी इंटरनेट बंद. पहिला संशय स्वाभाविकपणे नव्या यंत्रावर गेला. राउटरवरचे दिवे पाहिल्यावर मात्र दोष घराबाहेर असल्याचे कळले: फायबरच्या डब्यावरचा 'LOS' हा दिवा लाल झाला होता, म्हणजे प्रकाशाचा संकेतच येत नव्हता. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या केंद्रापासून घरापर्यंत फायबर सलग आलेली असेल आणि मध्ये फक्त काचेचे विभाजक असतील, तर वाटेत कुठेही विजेची गरज पडत नाही. या इमारतीत मात्र गच्चीवरच्या पेटीत स्थानिक केबलवाल्याचे विजेवर चालणारे उपकरण होते, आणि त्याची छोटी बॅटरी वीस मिनिटांत संपत होती. हा दोष घरातल्या कुठल्याही इन्व्हर्टरने, कितीही पैसे घातले तरी, दूर होण्यासारखा नव्हता. सोसायटीच्या चिटणीसांना विनंती करून ती पेटी जिन्यातील दिव्यांच्या, म्हणजे जनरेटरवर असलेल्या जोडणीवर घेतली. दहा-पंधरा वॅटचा तो भार, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही, आणि इतर फ्लॅटधारकांचाही फायदा झाला. जनरेटर सुरू व्हायला जी दोन मिनिटे लागतात तेवढी पेटीतली जुनी बॅटरी तग धरते. वीज जाण्यावर उपाय शोधणाऱ्या प्रत्येकाने खरेदीआधीच एकदा राउटर यूपीएसवर ठेवून मुख्य स्विच नव्हे, तर इमारतीची वीज गेलेली असताना इंटरनेट किती वेळ टिकते ते पाहावे. घरातला मुख्य स्विच बंद करून केलेल्या चाचणीत गच्चीवरची पेटी चालूच राहते आणि दोष लपतो.

जागेबद्दल थोडे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून ती बंद कपाटात किंवा पलंगाखाली ठेवू नये. या घरात स्वयंपाकघराला लागून सुकी गॅलरी होती आणि वायरमनला तीच सोयीची वाटत होती, परंतु तिथे गॅस गीझर होता. ठिणगी किंवा ज्योत असलेल्या यंत्राशेजारी बॅटरी नको, म्हणून ती हॉलच्या गॅलरीत, पावसाचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा कोपऱ्यात ट्रॉलीवर ठेवली. पाणी भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीचे वजन पन्नास किलोच्या पुढे असते आणि ती आडवी करता येत नाही. लिफ्ट चालू असेल त्याच वेळी ती मागवावी, हे सांगावे लागू नये, पण लागते. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधील जाड वायरी शक्य तितक्या आखूड ठेवल्या, कारण १२ व्होल्टवर प्रवाह मोठा असतो आणि लांब वायरीत दाब पडून वेळ कमी मिळतो. घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ असल्यामुळे इन्व्हर्टरला जाणारी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यानंतरच घेतली आहेत ना, हे तपासून पाहिले. फेज तिच्या आधीची आणि न्यूट्रल नंतरची असेल तर वीज येताच ती खाली पडते, आणि मग वायरमन ती काढूनच टाकायला सुचवतो. तो सल्ला ऐकू नये.

देखभालीत मुख्य काम पाण्याचे. झाकणावरचे तरंगते दर्शक खाली गेले की फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे. आरओचे किंवा उकळलेले पाणी चालत नाही. उन्हाळ्यात दर महिन्याला आणि एरवी दोन-तीन महिन्यांनी पाहिले तरी पुरते. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर आला तर तो गरम पाण्याने पुसून, कोरडे करून, व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा, आणि हे करताना इन्व्हर्टर बंद ठेवून बॅटरीची वायर आधी सोडावी. चार्जिंगच्या वेळी सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा बॅटरीची एक बाजू हाताला स्पष्ट गरम लागली, तर एखादा कोष बिघडलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी खिडक्या उघडून, वीजपुरवठ्याकडून येणारा इन्व्हर्टरचा प्लग काढून दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे.

लिथियम बॅटरीचा प्रश्न दांपत्याने अखेरीस विचारलाच. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२८० वॅट-तासांची असते, पण जलद उपसल्यावरही तिची क्षमता फारशी घटत नाही, त्यामुळे २२५ वॅटच्या भारावर ती साडेचार तासांच्या आसपास देते. तिचे वजन तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके असते, पाणी घालावे लागत नाही, अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही, आणि योग्य इन्व्हर्टर असेल तर ती तीन-चार तासांत भरते. म्हणजे गुरुवारी रात्रीचा प्रश्न ती मुळातूनच सोडवते. मात्र संपूर्ण संचाची किंमत ट्यूब्युलरच्या दुपटीच्या आसपास जाते, आणि साध्या इन्व्हर्टरला ती नुसती जोडून भागत नाही, कारण चार्जिंगचा दाब तिला जुळणारा असावा लागतो. ज्या घरात रोज दोनदा दीर्घकाळ वीज जाते तिथे मी आज थेट लिथियमच सुचवीन. इथे ती वेळ आठवड्यातून एकदाच येत होती.

ट्यूब्युलर बॅटरीची क्षमता तीन-चार वर्षांत साधारण ऐंशी टक्क्यांवर येईल, आणि तेव्हा सव्वापाच तासांचे सव्वाचार होतील. गुरुवारचा शेवटचा पाऊण तास दोघांना लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीवर काढावा लागेल, जो त्यांना अडचणीचा वाटला नाही. हे मोजण्यासाठी त्यांना एक पद्धत दिली आहे: दर सहा महिन्यांनी, बॅटरी रात्रभर भरलेली असताना, गुरुवारी ठरावीक भारावर इन्व्हर्टर किती वेळाने बॅटरी उतरल्याची शिटी वाजवतो ते त्याच कॅलेंडरवर लिहायचे. शिटी चार तासांच्या आत वाजू लागली की जुनी बॅटरी बदलीत देऊन नवी घेण्याची, किंवा तोवर भाव उतरले असतील तर इन्व्हर्टरसह लिथियमकडे जाण्याची वेळ आली असे समजायचे.